एक लिटरचं टर्बो की दीड लिटरचं साधं पेट्रोल: बारा वर्षांत खिसा कुठे रिकामा होतो

प्रश्न: "साताऱ्यात राहतो. घर ते एमआयडीसी सहा किलोमीटर, रोज जाऊन-येऊन बारा. महिन्यातून दोनदा पुणे, वर्षातून दोन-तीनदा कुंभार्ली घाटातून चिपळूणला सासरवाडी. गाडी दहा-बारा वर्षं ठेवायची आहे. १.० लिटर टर्बो पेट्रोल घ्यावी की १.५ लिटर बिनटर्बोची? टर्बोवाली चालवायला मजा आली, पण पुढे खर्चात पाडते असं सगळे सांगतात. खरं काय?"

तुमचा वापर आणि तुम्ही सांगितलेली बारा वर्षं बघता मी १.५ ची साधी गाडी घ्या म्हणेन. पण 'सगळे सांगतात' त्या कारणासाठी नाही. टर्बो हा काही नाजूक भाग नाही. माझ्या गॅरेजला खराब होऊन आलेले बहुतेक टर्बो आपणहून गेलेले नसतात, त्यांना ऑईल मिळालेलं नसतं. ते का मिळालं नाही हे न बघता नुसता टर्बो बदलला, की दुसराही जातो आणि खरा मोठा खर्च तिथे होतो.

आधी ही इंजिनं एवढी छोटी का, ते थोडक्यात. आपल्याकडे चार मीटरच्या आत लांबी आणि १२०० सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असेल तरच गाडीला छोट्या गाडीचा कमी कर लागतो. विम्याच्या थर्ड पार्टी हप्त्याचे टप्पेही १००० आणि १५०० सीसीला बदलतात. म्हणून तुम्हाला जिकडेतिकडे ९९८ आणि १४९८ असे आकडे दिसतात. एक लिटरच्या तीन सिलिंडरांतून दीड लिटरची ताकद काढायची, तर हवा दाबून आत ढकलावी लागते आणि ते काम टर्बो करतो. आपल्या डोंगराळ भागात त्याचा फायदा खरोखर होतो. साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटर उंचीला साधारण एक टक्क्याने घटते. महाबळेश्वर १३५० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे वर पोचेपर्यंत साध्या इंजिनाचा सातवा-आठवा हिस्सा दम गेलेला असतो. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. तुम्हाला आलेली मजा खोटी नाही.

आता टर्बो आतून कसा चालतो ते समजून घ्या, कारण सगळा हिशेब तिथून निघतो. एका दांड्याच्या एका टोकाला एक्झॉस्टच्या गरम धुराने फिरणारं चाक असतं, दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं. धुराचं तापमान जोरात चढताना ९०० अंशांच्या पुढे जातं आणि छोट्या पेट्रोल इंजिनाच्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेरे घेतो. या वेगाला तो धातूवर धातू घासून टिकूच शकत नाही. तो तरंगतो ऑईलच्या थरावर, आणि तो थर मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढा असतो. हे ऑईल इंजिनाच्याच पंपातून एका बारीक नळीने वरून येतं आणि खाली जाड नळीतून आपल्या वजनाने चेंबरला, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं तिथे, परत जातं. परत जायला पंप नाही, फक्त उतार.

म्हणजे टर्बोला तीन गोष्टी लागतात. गाडी चालू झाल्याबरोबर ऑईल पोचलं पाहिजे, ते स्वच्छ असलं पाहिजे, आणि परतीची वाट मोकळी पाहिजे. यातली एक बिघडली की टर्बो जातो. तो नवा आहे की जुना, महाग कंपनीचा आहे की स्वस्त, याने फार फरक पडत नाही.

एक प्रकरण नीट सांगतो, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचं बहुतेक उत्तर आहे.

वाईचे एक शिक्षक, पाचगणीच्या एका शाळेत नोकरीला. एक लिटरची टर्बो गाडी, नवी घेतलेली, वेळच्या वेळी सर्व्हिसिंग. रोजचा रस्ता पसरणी घाटाचा. वाई सोडली की लगेच घाट लागतो, म्हणजे इंजिन धड गरम व्हायच्या आत त्याच्यावर चढाचा पूर्ण भार. बारा-तेरा किलोमीटरांत सहाशे मीटरच्या आसपास चढ. वर पोचले की शाळेच्या आवारात गाडी लावायची आणि लगेच बंद, कारण प्रार्थनेची वेळ झालेली. संध्याकाळी उतारावर इंजिनाला काहीच काम नाही.

६१ हजार किलोमीटरला गाडी दम खायला लागली आणि निळा धूर यायला लागला. त्यांनी दुसऱ्या एका गॅरेजला दाखवली. तिथे टर्बो गेला म्हणून सांगितलं, नवा टर्बो बसवला आणि ७१ हजारांचं बिल झालं. गाडी मस्त चालायला लागली. सात हजार किलोमीटरनंतर परत तोच धूर आणि वर शिट्टीसारखा चिरका आवाज. मग ते माझ्याकडे आले.

"दादा, आता परत एक्काहत्तर हजार घालायचे असतील तर मी गाडीच विकतो," असं आल्या आल्या म्हणाले.

"सर, आधी टर्बो का गेला ते बघू. टर्बोचं नंतर बघू," मी म्हणालो.

निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय, पण ते कुठून येतंय हे धुराच्या वेळेवरून बरंच कळतं. सकाळी स्टार्ट केल्या केल्या एक भपका येऊन थांबत असेल, किंवा घाट गिअरवर उतरून खाली आल्यावर पाय दिला की येत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलवर संशय घ्यायचा. जोरात चढताना सतत येत असेल तर रिंगा. दोन-तीन मिनिटं आयडलला ठेवून मग ॲक्सिलरेटर दिल्यावर ढग निघाला, तर टर्बोचं सील. हे पक्के नियम नाहीत, पण सुरुवात कुठून करायची ते समजतं. सरांच्या गाडीत तिसरा प्रकार होता. तरीही कॉम्प्रेशन मोजून घेतलं. तिन्ही सिलिंडर सारखे आले, म्हणजे रिंगा ठीक.

मग एअर फिल्टरकडून टर्बोला जाणारा पाईप काढला. आत बोट घालून दांडा हलवून बघायचा असतो. वर-खाली किंचित हलला तर घाबरायचं नाही, कारण ऑईलच्या थराला तेवढी जागा ठेवलेलीच असते. पण आत-बाहेर हलता कामा नये. हा आत-बाहेर स्पष्ट हलत होता आणि चाकाची पाती बाजूच्या भिंतीला घासून टोकं चकचकीत झाली होती. टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या खालचा होज सोडला तर त्यातून पेलाभर ऑईल निघालं. त्या होजमध्ये ओलसर तेलकटपणा सगळ्याच गाड्यांत असतो. ऑईल साचलेलं मात्र नसावं.

इथपर्यंत आधीच्या गॅरेजचं निदान चुकीचं नव्हतं. टर्बो खरोखर गेला होता. त्यांनी पुढे बघितलं नाही, एवढंच.

वरून येणारी बारीक नळी काढली. बाहेरून नव्यासारखी दिसत होती. तिच्या टोकाला पोकळ बोल्ट असतो आणि त्याच्या छोट्या भोकांतून ऑईल टर्बोत उतरतं. त्यातली दोन भोकं काळ्या, कडक थराने अर्धी बुजली होती. टोकदार तारेने खरवडलं तर कोळशासारखे कण पडले. नळी उभी धरून डिझेल ओतलं तर ते थेंब-थेंब खाली आलं. चांगल्या नळीतून सरळ धार लागते. मग परतीची नळी उघडली. तिच्या गॅसकेटवर कुणीतरी वरून सिलिकॉनचा लेप दिला होता आणि तो आवळताना आत दबून अर्ध्या वाटेत लोंबत होता. तिथे सिलिकॉन कधीच लावू नये. ऑईल तिथून फक्त उताराने जातं, जरा अडलं तरी टर्बोत तुंबतं आणि सील ओलांडून हवेच्या बाजूला निघतं. शेवटी चेंबरची वाफ परत ओढणारा पीसीव्ही व्हॉल्व्ह बघितला, तोही चिकटला होता. चेंबरमध्ये दाब साचला की परतीचं ऑईल आणखी अडतं.

म्हणजे नवा टर्बो जुन्याच बुजलेल्या नळीवर बसला होता. वरून कमी ऑईल आणि खाली वाट बंद. तो सात हजार किलोमीटर चालला हेच खूप.

आम्ही पूर्ण नवा टर्बो घेतला नाही. बाहेरची दोन्ही घरं आणि जादा धूर बाजूने सोडून दाब आवरणारं वेस्टगेट चांगली होती, म्हणून फक्त मधला गाभा, ज्याला कोअर म्हणतात, तो मशीनवर बॅलन्स केलेला पुण्याहून मागवला. हा बॅलन्स महत्त्वाचा. दोन लाख फेऱ्यांना गुंजभर वजन इकडचं तिकडे झालं तरी बेअरिंग खातं, त्यामुळे बॅलन्सच्या रिपोर्टशिवाय मिळणारा स्वस्त कोअर मी बसवत नाही. कोअरचे २३ हजार झाले. नवी ऑईलची नळी, बोल्ट, वॉशर, परतीचं गॅसकेट मिळून ४,२००. इंटरकूलर उतरवून धुणं आणि पीसीव्ही ३,४००. ऑईल आणि फिल्टर दोनदा बदलले, पहिलं पाचशे किलोमीटरलाच, कारण सुटलेला कोळसा आत फिरत राहू नये. त्याचे ५,६००. मजुरी ६,५००. एकूण ४२,७००. बसवताना कोअरमध्ये हाताने ऑईल भरून दांडा फिरवला आणि प्लगच्या कॉईलचे कनेक्शन काढून ऑईलचा दाब येईपर्यंत नुसता स्टार्टर मारला. कोरडा टर्बो पहिल्या स्टार्टलाच जखमी होतो.

सरांनी दोन्ही बिलं मिळून १,१३,७०० रुपये भरले. ४,२०० ची नळी आणि गॅसकेट पहिल्याच वेळी बदलली असती तर दुसरं बिल झालंच नसतं.

तो कोळसा नळीत आला कुठून? घाट चढून आल्याआल्या गाडी बंद केली की ऑईलचा पंप थांबतो. टर्बोचं गरम घर मात्र तसंच असतं, आणि ती उष्णता आत दांड्याकडे सरकते. तिथे अडकलेलं ऑईल भाजतं आणि त्याचा थर जमतो. आताच्या बहुतेक पेट्रोल टर्बोंना पाण्याचा घेर असतो, काहींत गाडी बंद झाल्यावरही छोटा विजेचा पंप पाणी फिरवतो. त्यामुळे हे खूप कमी झालं आहे, पण संपलेलं नाही. ऑईल जुनं आणि दमलेलं असेल तर लवकर भाजतं. सरांचं ऑईल दमलेलं होतं, कारण सर्व्हिसिंग दर दहा हजाराला होत होती.

'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष' हा आकडा सगळ्यांना पाठ असतो. त्याच पुस्तकात पुढच्या पानावर अवघड वापराचा वेगळा तक्ता असतो, तो कुणी उघडत नाही. छोट्या फेऱ्या, डोंगराचा रस्ता, धूळ, ओझं यांतलं काही असेल तर ऑईल साधारण निम्म्या अंतराला बदला, असं त्यात लिहिलेलं असतं. पसरणी घाट त्यात बसतो. आणि तुमचे रोजचे सहा किलोमीटरही बसतात.

तुमची अडचण सरांच्या उलटी आहे. त्यांचं ऑईल भाजत होतं, तुमचं पातळ होईल. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पूर्ण गरम झालं की ते उडून जातं, पण त्यासाठी पंधरा-वीस मिनिटं सलग चालवावं लागतं. पोवई नाक्यावरून एमआयडीसीत पोचेपर्यंत पाणी गरम झालेलं दिसतं, काटाही मध्यावर येतो, पण ऑईल पाण्याच्या बरंच मागे असतं. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या इंजिनात हे जास्त होतं, आणि टर्बो इंजिनं बऱ्याचदा तशीच असतात. ओळखायचं कसं? आठवडाभर फक्त गावात फिरवल्यावर सकाळी डिपस्टिक काढा. ऑईलची पातळी खुणेच्या वर सरकली असेल आणि नाकाजवळ नेल्यावर पेट्रोलचा वास आला, तर आत पेट्रोल आहे. ऑईल कमी झालं नाही म्हणून लोक खूश होतात, पण ते वाढणं जास्त वाईट. तुमच्या महिन्याच्या दोन पुणे फेऱ्या इथे कामाला येतात. खंबाटकी ओलांडून पुण्यापर्यंत सलग चाललं की बरंचसं पेट्रोल उडून जातं. या फेऱ्या नसत्या तर मी टर्बोला सरळ नाही म्हणालो असतो.

आता हीच गाडी सरांच्या रस्त्यावर दीड लिटरची साधी असती तर? ऑईल तितकंच जुनं झालं असतं. व्हॉल्व्ह टायमिंगच्या सोलेनॉइडमध्ये घाण बसली असती, कदाचित लाखानंतर टायमिंग चेन खडखडली असती. पण ९०० अंशांच्या शेजारी दोन लाख फेऱ्यांचा दांडा तिथे नाही. साधं इंजिन हेळसांड बरीच वर्षं सोसतं आणि बिघडतानाही आवाज करत, महिनोनमहिने इशारे देत बिघडतं. टर्बोचं तसं नाही. थर तुटला की काही मिनिटांत काम संपतं, आणि पात्याचा तुकडा आत गेला तर इंजिनापर्यंत नुकसान पोचतं. शिवाय जळालेलं ऑईल एक्झॉस्टमधला धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर बसतं. निळ्या धुरात वर्षभर गाडी पळवली, तर टर्बोच्या बिलाच्या मागे त्याचंही बिल येतं.

टर्बोच्या गाडीत टर्बो सोडूनही दोन गोष्टी खर्चाच्या असतात. पहिली, इंजेक्शन कसलं आहे. पेट्रोल इनटेकमध्ये व्हॉल्व्हच्या पाठीवर मारलं जात असेल तर ते व्हॉल्व्ह धुऊन निघतात. थेट सिलिंडरमध्ये मारलं जात असेल तर व्हॉल्व्हवर पेट्रोल पोचतच नाही, आणि चेंबरची तेलकट वाफ त्यांच्यावर काजळी धरते. साठ-सत्तर हजारांच्या पुढे सकाळी आयडल हलणं, मिसफायर, ॲव्हरेज घसरणं सुरू होतं. इनटेक उतरवून हाताने साफ करावं लागतं, दहा-बारा हजार धरा. टाकीत ओतायच्या बाटलीने हे निघत नाही, कारण ते पेट्रोल तिथून जातच नाही. टर्बो असूनही इनटेकमध्ये पेट्रोल मारणारी इंजिनंही बाजारात आहेत. शोरूममध्ये हे जरूर विचारा, आणि विक्रेत्याला सांगता आलं नाही तर वर्कशॉपमधल्या माणसाला विचारा.

दुसरी गोष्ट गिअरबॉक्सची. टर्बोबरोबर बऱ्याच वेळा कोरड्या क्लचचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक येतो. उसाच्या हंगामात कराडकडच्या रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेल्या ट्रॅक्टरच्या मागे चढावर रांगत जायचं झालं, तर तो क्लच सतत निम्मा घसरत राहतो आणि तापतो. त्याचा क्लच संच आणि कंट्रोल युनिट यांचं बिल टर्बोच्या बिलालाही मागे टाकू शकतं. ऑटोमॅटिक हवीच असेल आणि गाडी बारा वर्षं ठेवायची असेल, तर क्लचऐवजी ऑईलमधून ताकद पुढे देणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची बघा. मॅन्युअल घेणार असाल तर हा परिच्छेद विसरा.

आता तुमचा हिशेब. रोजचे बारा, पुण्याच्या फेऱ्या आणि सासरवाडी मिळून वर्षाला दहा हजारांच्या आसपास किलोमीटर होतात. बारा वर्षांत सव्वा लाख धरू.

टर्बोवाल्या गाडीला मी तुम्हाला वर्षातून दोनदा ऑईल बदलायला सांगेन. जादाच्या एका वेळचे पूर्ण सिंथेटिक ऑईल आणि फिल्टर मिळून ३,२०० धरले तर बारा वर्षांत ३८,४००. प्लग टर्बोत लवकर बदलावे लागतात, साधारण चाळीस हजाराला. साध्या इंजिनात चांगले इरिडियम प्लग लाखापर्यंत जातात. त्याचा फरक पाच हजार. थेट इंजेक्शन असेल तर काजळी एकदा साफ करण्याचे ११ हजार. दाबाच्या हवेचे होज सात-आठ वर्षांनी कडक होऊन फुटतात, वेस्टगेटचा ॲक्च्युएटर किंवा डायव्हर्टर व्हॉल्व्ह कधीतरी जातो, त्याचे १२ हजार. हे झाले ६६ हजार, आणि हे सगळं काही न बिघडता होणारं आहे. वर एकदा कोअर आणि नळ्या बदलाव्या लागतील असं समजून ४० हजार बाजूला ठेवा. सगळं मिळून एक लाख सहा हजारांच्या आसपास.

साध्या इंजिनाला यातलं जवळजवळ काही नाही. तुमच्या किलोमीटरला वर्षातून एकदा चांगलं ऑईल, मध्ये एकदा डिपस्टिक बघणं. थ्रॉटल बॉडी साफ करणं, कॉईल, माउंटिंग, क्लच, सस्पेन्शन हे दोन्हीकडे सारखंच. उलट बाजूला विम्याचा टप्पा आहे. १००० सीसीच्या आत आणि १५०० च्या आत यांच्या थर्ड पार्टी हप्त्यात २०२२ च्या दरांनी वर्षाला १,३०० रुपयांचा फरक पडतो, बारा वर्षांत सोळा हजार. तो वजा केला तरी नव्वद हजारांचा फरक उरतो. गाड्यांच्या किमतीतला फरक तुमच्या हातातल्या कोटेशनवरून लावा. टर्बोवाली गाडी दीड लाखाने स्वस्त पडत असेल, तर दुरुस्तीच्या नावाने तिला नाकारायचं कारण नाही. किंमत सारखी असेल तर मात्र साधी घ्या.

पाच-सहा वर्षांत गाडी बदलणाऱ्याला मी हे सांगितलं नसतं. त्याचा बहुतेक काळ वॉरंटीत जातो आणि होज फुटायच्या वेळेला गाडी दुसऱ्याच्या दारात असते. बारा वर्षं ठेवणाऱ्याला शेवटच्या सहा वर्षांचा विचार आधी करावा लागतो.

आणि मन टर्बोवरच बसलं असेल तर घ्या, पण या रीतीने चालवा. सकाळी स्टार्ट केल्यावर अर्धा मिनिट थांबा आणि पहिले तीन-चार किलोमीटर पाय हलका ठेवा, तोपर्यंत ऑईल टर्बोपर्यंत नीट पोचलेलं आणि थोडं तापलेलं असतं. घाट चढून लगेच थांबायचं असेल तर शेवटचा एक किलोमीटर सावकाश घ्या, नाहीतर थांबल्यावर मिनिटभर आयडलला ठेवा. गावातल्या गावात फिरून आल्यावर याची गरज नाही, तिथे टर्बो तापलेलाच नसतो. सिग्नलला आपोआप बंद होणारी सोय असेल तर घाटात ती बटणाने बंद ठेवा, कारण वळणावर बस आडवी आली की ती नेमकी गरम टर्बो असताना इंजिन बंद करते.

मोठ्या गिअरमध्ये कमी वेगाला पाय दाबू नका. कुंभार्लीत चार माणसं आणि डिकी भरलेली असताना चौथ्या गिअरला पस्तीसच्या वेगाने ओढायला लावलं, तर टर्बो पूर्ण दाब देतो आणि इंजिनाचे फेरे कमी असतात. अशा वेळी मिश्रण ठिणगीच्या आधीच पेटू शकतं, आणि त्या एका धक्क्याने पिस्टनच्या रिंगेची कड तुटू शकते. गिअर खाली घ्या, आवाज वाढू द्या. ऑईलच्या डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघा. या प्रकारच्या ठोक्याविरुद्धची चाचणी त्या दर्जात आहे. ग्रेड मात्र गाडीच्या पुस्तकात दिलाय तोच, 'उन्हाळ्यासाठी जाड टाकू' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. जाड ऑईल त्या बारीक नळीतून सकाळी उशिरा पोचतं.

वाढीव वॉरंटी घेताना तिच्यात टर्बो, त्याचा ॲक्च्युएटर आणि ऑईलच्या नळ्या धरल्या आहेत का, ते कागदावर वाचा. आणि मधलं जादाचं ऑईल बाहेर बदललंत तर बिलावर ऑईलचा ग्रेड आणि किलोमीटर लिहून घ्या. टर्बोचा क्लेम आला की पहिली मागणी त्याच बिलांची होते.